तासाने रूम, महिन्याने सीट: को-वर्किंगची साइट लावताना रद्द करण्याचा नियम आधी बसवा

आपल्याकडे अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. लातूर, नांदेड, संभाजीनगर कुठेही जा, एखाद्या मजल्यावर पाट्या लावून रांगेने सीटा मांडलेल्या दिसतात. अभ्यासिकेचा हिशेब सोपा असतो. मुलगा येतो, सीट बघतो, महिन्याचे पैसे देतो आणि महिनाभर ती सीट त्याची. आता त्यातलेच काही जण एक मजला वेगळा काढून को-वर्किंग सुरू करतायत. त्यांची पहिली अडचण टेबल-खुर्च्यांची नसते. ती असते तासावर द्यायच्या रूमची. सीट महिन्यातून एकदा विकली जाते, रूम दिवसातून आठ-दहा वेळा. त्यामुळे अभ्यासिकेत जी चूक महिन्याने दिसते, ती इथे त्याच दुपारी दारात येऊन उभी राहते.

माझ्या दारात ती उभी राहिली होती. संभाजीनगरच्या सिडकोतल्या माझ्या जागेत सहा जणांची एक काचेची रूम आहे. सुरुवातीला बुकिंग एका वहीत आणि व्हॉट्सअॅपवर चालायचं. एका मंगळवारी तीन वाजता दोन पार्ट्या एकाच वेळी आल्या. जालन्याचे एक सीए त्यांच्या दोन क्लायंटना घेऊन आले, आणि परभणीच्या एक वकीलताई, त्यांच्यासोबत पक्षकार. सीए म्हणाले, "मॅडम, मी कालच फोनवर सांगितलं होतं की!" वहीत तीन ते पाचच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "कन्फर्म करायचं". कोणाचं ते लिहिलंच नव्हतं. वकीलताईंचं बुकिंग व्हॉट्सअॅपवर होतं, वहीत नव्हतं. त्या दिवशी मी सीएंना माझ्या केबिनमध्ये बसवलं आणि रात्री साइट करायचं ठरवलं.

साइट करून घेताना मी कॅलेंडरपासून सुरुवात केली, मग दर ठरवले, मग मेंबरशिप, आणि रद्द करण्याचा नियम सगळ्यात शेवटी, दुसऱ्या कुठल्या तरी साइटवरून उचलून डकवला. हा क्रम उलटा होता. रद्द करण्याचा नियम बदलला की बुकिंगची नोंद कशी ठेवायची, तास कुठल्या महिन्यातून वजा करायचे, पैसे कसे परत द्यायचे, हे सगळं बदलतं. म्हणून खाली तोच धागा धरून लिहिते. वकीलताईंचंच एक बुकिंग आपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेऊ.

आधी तास म्हणजे किती ते ठरवा

हा प्रश्न साधा वाटतो, पण महिन्याची कमाई त्यावर हलते. एक मीटिंग संपली की कप उचलायचे, बोर्ड पुसायचा, एसीचा रिमोट शोधायचा, याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. म्हणून नवीन माणूस साइटवर "दोन बुकिंगमध्ये १५ मिनिटं अंतर" अशी सेटिंग लावतो. त्याच वेळी बुकिंग फक्त पूर्ण किंवा साडे वाजता सुरू होईल असंही ठेवलेलं असतं. मग काय होतं बघा. कोणी ९ ते १० घेतलं की रूम सव्वादहापर्यंत अडकते, आणि पुढचं बुकिंग साडेदहालाच सुरू होऊ शकतं. अंतर १५ मिनिटांचं, पण वाया गेला अर्धा तास. सकाळी ९ ते रात्री ९ अशा बारा तासांत एक-एक तासाची बारा बुकिंगं बसायला हवीत, ती आठच बसतात.

मी अंतर शून्य केलं आणि स्वच्छतेची मिनिटं तासाच्या आत घेतली. तीन ते पाच बुकिंग म्हणजे रूम ४:५० ला रिकामी करायची. हे बुकिंगच्या पानावर वेळेच्या शेजारीच लिहिलेलं असतं: "दुपारी ३:०० ते ४:५०, पुढची १० मिनिटं आवराआवरीची". लोक कुरकुर करतील असं वाटलं होतं. आधी सांगितलं असेल तर करत नाहीत. ४:४० ला मेसेज जातो, माणूस सामान आवरायला लागतो.

कमीत कमी बुकिंग एक तासाचं ठेवा, पुढे अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढू द्या. अर्ध्या तासाचं बुकिंग द्यायला सुरुवात केलीत तर दोन बुकिंगांच्या मधे अशा फटी राहतात की त्या सहसा कोणी घेत नाही.

एकच रूम दोघांना जाणार नाही, हे डेटाबेसवर सोपवा

वहीतली चूक साइटवरही होते, फक्त वेगळ्या रीतीने. दोन माणसं एकाच वेळी कॅलेंडर बघतात, दोघांनाही तीन वाजता रूम रिकामी दिसते, दोघंही पैसे भरतात. साइटने "रिकामी आहे का" असं आधी विचारलं आणि नंतर नोंद केली, तर त्या दोन कामांमधल्या क्षणात दुसरा घुसतो. म्हणून ही तपासणी साइटच्या पानावर नको, डेटाबेसमध्येच हवी. साइट पोस्टग्रेसवर असेल तर करणाऱ्याला एवढं दाखवा:

```sql
CREATE EXTENSION IF NOT EXISTS btree_gist;

ALTER TABLE bookings
ADD CONSTRAINT no_overlap
EXCLUDE USING gist (
  room_id WITH =,
  tstzrange(starts_at, ends_at, '[)') WITH &&
) WHERE (status IN ('hold', 'confirmed'));
```

याचा अर्थ असा की त्याच रूमची, वेळ एकमेकांवर चढणारी दुसरी नोंद डेटाबेस घेणारच नाही. त्यातला `[)` महत्त्वाचा आहे. सुरुवातीचा क्षण धरायचा, शेवटचा सोडायचा. म्हणजे तीन ते पाच आणि पाच ते सहा ही दोन बुकिंगं एकमेकांना भिडतात, पण भांडत नाहीत. इथे चूक झाली असेल तर ओळखायची खूण सोपी: एक बुकिंग संपतं त्याच मिनिटाला सुरू होणारं दुसरं बुकिंग साइट नाकारते.

`hold` म्हणजे माणूस पैसे भरत असेपर्यंत रूम त्याच्यासाठी धरून ठेवणं. मी दहा मिनिटं धरते. दहा मिनिटांत पैसे आले नाहीत तर ती नोंद आपोआप `expired` व्हायला हवी, आणि हे काम वेगळं लावावं लागतं. ते लावायचं राहिलं की कॅलेंडरवर भुतासारखी बुकिंगं दिसतात: रूम भरलेली, पण नाव कोणाचंच नाही. दुसरा प्रसंग यापेक्षा नाजूक. आपल्याकडे यूपीआयचे पैसे कधी कधी अडकून बाराव्या मिनिटाला येतात. तोवर रूम दुसऱ्याला गेलेली असते. अशा वेळी साइटने ते बुकिंग जबरदस्तीने पक्कं करू नये. पूर्ण रक्कम लगेच परत पाठवावी आणि "तुमचे पैसे उशिरा पोचले, रूम गेली, रक्कम परत पाठवली आहे" असा स्पष्ट मेसेज द्यावा. हा मेसेज नसेल तर माणूस तीन वाजता येऊन उभा राहतोच, कारण त्याच्या खात्यातून पैसे गेलेले असतात.

रद्द करण्याचा नियम: तुमचं गिऱ्हाईक केव्हा रद्द करतं ते बघा

आता मुख्य गोष्ट. बहुतेक जण हॉटेलचा नियम उचलतात, ४८ तास आधी वगैरे. हॉटेलात खोली रात्रीसाठी जाते आणि लोक आठवडाभर आधी ठरवतात. तासावरच्या रूमचं तसं नाही. माझ्याकडे निम्म्याहून जास्त बुकिंग त्याच दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी येतं. म्हणजे एखाद्याने एक दिवस आधी रूम सोडली तर ती पुन्हा जाण्याची चांगली शक्यता असते. चार तास आधी सोडली तर कमी. तासभर आधी सोडली तर जवळजवळ नाहीच. नियमाच्या पायऱ्या या शक्यतेवरून पडतात:

२४ तास किंवा जास्त आधी रद्द केलं तर पूर्ण रक्कम परत. २४ ते ४ तासांच्या मधे निम्मी. ४ तासांहून कमी उरले असतील तर काही नाही.

हा नियम लिहून मी खूश होते. मग वकीलताईंनी फोन केला. हायकोर्टाचं खंडपीठ इथे असल्याने परभणी, बीड, धाराशिवकडचे वकील आणि पक्षकार तारखेला येतात आणि आदल्या किंवा मधल्या वेळात बसायला रूम घेतात. त्या म्हणाल्या, "ताई, उद्याचा बोर्ड आज संध्याकाळी कळतो. मॅटर बोर्डावर नाही हे मला २४ तास आधी कळणार कसं?" बोर्ड म्हणजे दुसऱ्या दिवशी कोर्टात चालणाऱ्या केसेसची यादी. त्यांचं बरोबर होतं. त्यांना रद्द करायचं की नाही हे ज्या वेळी कळतं, ती वेळ माझ्या नियमात कायम निम्म्या पायरीवर पडत होती. माझा नियम त्यांच्या हातात नसलेल्या गोष्टीचा दंड घेत होता.

पण पायरीच खाली आणून १२ तास केली असती, तर रात्री रद्द झालेल्या सकाळच्या रूमचं काय करायचं हा प्रश्न माझ्याकडे आला असता. त्यावर तोडगा निघाला तारीख बदलण्याचा. सुरू होण्याच्या ४ तास आधीपर्यंत एकदा बुकिंग पुढे नेता येईल, त्याला पैसे नाहीत. वकिलाला तारीख पडतेच, त्यामुळे बहुतेकदा त्यांना पैसे नको असतात, पुढच्या तारखेला रूम हवी असते. लातुरात क्लासेसच्या जोरावर जागा चालवणाऱ्याला कदाचित वेगळं दिसेल, एमआयडीसीजवळच्याला आणखी वेगळं. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन महिने प्रत्येक रद्द बुकिंगला किती तास उरले होते आणि ती रूम पुन्हा गेली का, एवढं लिहून ठेवा. पायऱ्या त्यावरून ठरवा.

तारीख बदलण्याच्या नियमाला एक पळवाट आहे, ती बुजवल्याशिवाय साइट सुरू करू नका. मंगळवारी तीनचं बुकिंग असलेला माणूस सकाळी दहाला बघतो की आता रद्द केलं तर निम्मेच मिळतील. मग तो ते पुढच्या शुक्रवारवर नेतो, आणि लगेच शुक्रवारचं रद्द करतो. तिथे २४ तासांहून जास्त वेळ आहे, म्हणून साइट पूर्ण रक्कम परत करते. यावर उपाय असा: बुकिंग पुढे नेलं त्या क्षणी परतीचा जो टक्का लागू होता, तोच पुढच्या बुकिंगला चिकटतो. इथे ५० टक्के. शुक्रवारी ४ तासांहून कमी उरले तर तो शून्यावर जाईल, पण ५० च्या वर कधीच जाणार नाही. म्हणून बुकिंगच्या नोंदीत "परतीचा कमाल टक्का" असा एक रकाना सुरुवातीपासून ठेवा. नंतर घालायचा म्हटलं की जुन्या नोंदींचा घोळ होतो.

दुसरी फट माणसाच्या बोटाची. कोणी दुपारी एक वाजता त्याच दिवशीचं तीनचं बुकिंग करतो आणि लक्षात येतं की आज नको, उद्या हवं होतं. नियमाप्रमाणे तो बुकिंग केल्याक्षणीच "काही परत नाही" मध्ये गेला. हे अन्यायाचं आहे. बुकिंग केल्यापासून १५ मिनिटांत पूर्ण परतावा, अट एवढीच की रूम सुरू व्हायला निदान एक तास असावा.

नियम तासांत ठेवा, पण दाखवा घड्याळात

"२४ तास आधी" हे वाचून लोक "आदल्या दिवशी" असं समजतात. मंगळवारी तीनचं बुकिंग सोमवारी रात्री आठला रद्द करणारा माणूस मनापासून मानतो की त्याने एक दिवस आधी सांगितलं. वाद इथेच होतात, आणि तो वाद नियमाचा नसतो, वाक्याचा असतो. म्हणून पैसे भरायच्या आधी, बटणाच्या लगेच वर, साइटने स्वतः हिशेब करून लिहावं. वकीलताईंच्या मंगळवारी तीन ते पाचच्या ₹७०८ च्या बुकिंगला असं:

"सोमवार दुपारी ३:०० पर्यंत रद्द केल्यास ₹७०८ परत. मंगळवार सकाळी ११:०० पर्यंत ₹३५४ परत. त्यानंतर परतावा नाही. सकाळी ११:०० पर्यंत एकदा तारीख बदलता येईल."

हेच चार ओळींचं वाक्य बुकिंगच्या मेसेजमध्येही जायला हवं. टक्के नकोत, तास नकोत. वार, वेळ आणि रुपये. असं लिहिल्यामुळे मला याबद्दलचे फोन जवळजवळ येतच नाहीत.

इथे साइट करणाऱ्याची एक नेहमीची चूक होते. सर्व्हरचं घड्याळ बहुतेकदा यूटीसीवर चालतं, आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपले दुपारचे तीन म्हणजे तिथले सकाळचे साडेनऊ. कुठे तरी रूपांतर राहिलं की मेसेजमध्ये "३:००" ऐवजी "९:३०" येतं, किंवा त्याहून वाईट, मेसेज बरोबर दिसतो आणि साइट रद्द करायची मुदत साडेपाच तास चुकीची मोजते. कुठल्याही वेळेत बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला की दुसरं कारण शोधू नका.

पैसे कसे परत जातात

वकीलताईंचं बुकिंग घेऊ. रूमचा दर तासाला ₹३००, दोन तासांचे ₹६००. १८ टक्के जीएसटी ₹१०८, एकूण ₹७०८. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर आपल्याकडे साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर जीएसटी लावताही येत नाही. पण नोंदणी असेल तर पहिल्या पानापासून करासह रक्कम दाखवा. कॅलेंडरवर ६०० आणि शेवटच्या पानावर ७०८, हा प्रकार डार्क पॅटर्नवरच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांवरच्या, २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नावानिशी दिलेला आहे, आणि तसाही माणूस तिथे चिडतोच.

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला बोर्ड कळला. बुकिंगला साडेवीस तास उरले होते. ताईंनी तारीख न बदलता रद्द केलं. ५० टक्के पायरी, म्हणून ₹३५४ परत: ₹३०० भाडं आणि ₹५४ कर. राहिलेले ₹३५४ रद्द करण्याचं शुल्क झालं, त्यावरही रूमला लागतो तोच १८ टक्के दर लागतो, म्हणून त्यातले ₹५४ सरकारचे. बिल आधीच निघालेलं असेल तर परत केलेल्या रकमेची क्रेडिट नोट काढावी लागते. सीए सांगतीलच, पण साइटने ती आपोआप काढली पाहिजे, नाहीतर महिन्याच्या शेवटी एक-एक शोधत बसावं लागतं.

पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत पाठवा. हातात रोख देऊ नका, हिशेब जुळत नाही. साइटवरून परतावा पाठवला तरी तो खात्यात दिसायला साधारण पाच ते सात कामाचे दिवस लागू शकतात, म्हणून मेसेजमध्ये "पैसे जमा झाले" असं लिहू नका. "परतावा आज पाठवला, खात्यात यायला ७ कामाचे दिवस लागू शकतात" असं लिहा. आणखी एक, बहुतेक पेमेंट गेटवे परतावा दिल्यावर आपलं शुल्क परत देत नाहीत. ते २ टक्के आणि त्यावर कर धरलं तर ₹७०८ च्या पूर्ण परताव्यावर आपल्या खिशातून १६-१७ रुपये जातात. ते तासाच्या दरात धरा. "पूर्ण परतावा" लिहून ६९१ पाठवलेत तर तो पूर्ण परतावा नव्हे.

मेंबरशिप: तासांचा डबा वेगळा ठेवा

मी तीनच प्रकार ठेवले: दिवसाचा पास, महिन्याची फिरती सीट, आणि महिन्याची ठरलेली सीट. जास्त प्रकार केले की लोक फोन करून विचारतात आणि साइटचा उपयोगच राहत नाही. फिरत्या सीटला महिन्याला ₹३,५०० आणि रूमचे ४ तास, ठरलेल्या सीटला ₹५,००० आणि ८ तास. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण एक गुणाकार जरूर करा. फुकट तास गुणिले रूमचा दर हे मेंबरशिपच्या किमतीच्या जवळ जाऊ नये. ₹३,५०० मध्ये १२ तास दिले असते तर १२ गुणिले ३०० म्हणजे ₹३,६००. मग लोक सीटसाठी नाही, स्वस्तात रूम मिळते म्हणून मेंबर होतात. सीटा रिकाम्या, आणि रूम दिवसभर अडकलेली.

आता रद्द करण्याचा नियम इथे कसा लागतो? वकीलताईंनी पुढे फिरती सीट घेतली. महिन्याच्या शेवटी त्यांच्या फुकट तासांच्या डब्यात एकच तास उरला होता आणि त्यांनी दोन तासांची रूम घेतली. एक तास डब्यातून गेला, दुसऱ्याचे ₹३५४ भरले. त्यांनी ५० टक्क्यांच्या पायरीवर रद्द केलं. काय परत द्यायचं? आधी पैसे द्यायचे की आधी तास, असा नियम केलात तर कोणाला तरी तो अन्यायाचा वाटतोच. मी दोन्हींना तोच टक्का लावते: डब्यात अर्धा तास परत, आणि ₹१७७ खात्यात. समजायला सोपं, सांगायला सोपं. बुकिंग अर्ध्या तासाने वाढतं, म्हणून हा परत आलेला अर्धा तास पुढच्या बुकिंगला जोडून वापरताही येतो.

तास कुठल्या महिन्यातून वजा करायचा हे आधी ठरवा. बुकिंग केलं त्या दिवसावरून नाही, रूम वापरायची त्या दिवसावरून. नाहीतर माणूस महिना संपायच्या दिवशी उरलेले सगळे तास पुढच्या महिन्यात बुक करून ठेवतो, आणि तास पुढे जाणार नाहीत हा तुमचा नियम कागदावरच राहतो. महिना मी ३० दिवसांचा धरते, मेंबर झाल्या दिवसापासून. ३१ जानेवारीला आलेल्या माणसाचा फेब्रुवारी कुठे संपतो, हा प्रश्नच मग उरत नाही.

मेंबरला रूमचे काही तास फुकट असल्याने आणखी एक सवय लागते. कोणी डब्यातले सगळे तास ११ ते १ च्या रूमवर अडवून ठेवतो, नको असेल ती २५ तास आधी सोडतो आणि परत आलेले तास पुन्हा पुढच्या दिवसांवर अडवतो. नियम मोडलेला नाही, पण बाहेरून बघणाऱ्याला ती वेळ कायम भरलेली दिसते आणि तो निघून जातो. एका मेंबरची एका वेळी पुढची तीनच बुकिंगं, एवढी मर्यादा पुरते.

मेंबरशिप बंद करायचं बटण साइटवरच, खात्याच्या पानावर ठेवा. चालू ३० दिवसांचे पैसे परत नाहीत, पुढचे घेतले जाणार नाहीत, आणि डिपॉझिट असेल तर ७ दिवसांत परत. सामील व्हायला एक बटण आणि सोडायला ऑफिसात या, असं करू नका. त्यालाही डार्क पॅटर्नच्या त्या सूचनांमध्ये नाव आहे.

आपण रद्द केलं तर

हा भाग बहुतेक नियमांच्या पानावर नसतोच. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांमध्ये मात्र स्पष्ट आहे: गिऱ्हाइकाकडून रद्द करण्याचं शुल्क घ्यायचं असेल, तर आपण आपल्या बाजूने रद्द केल्यावर तसंच शुल्क आपणही सोसायला हवं. पोटापाण्यासाठी स्वतःचं काम करणारा माणूस कायद्याने ग्राहकच असतो, आणि आपल्याकडे येणारे बरेचसे तसेच असतात. त्यामुळे माझ्या पानावर लिहिलंय: आम्ही २४ तासांच्या आत रद्द केलं तर पूर्ण रक्कम परत, शिवाय त्या पायरीवर तुमचे जेवढे कापले गेले असते तेवढी रक्कम आमच्याकडून. म्हणजे ताईंची रूम मी त्याच दिवशी दुपारी बारा वाजता रद्द केली, तर ₹७०८ परत आणि वर ₹७०८. हे देणं जड आहे. त्यामुळेच मी रूम रद्द करायच्या आधी दहा वेळा विचार करते.

वीज आणि नेटचा वेगळा नियम हवा. एप्रिल-मे मध्ये लाईट जाते तेव्हा इन्व्हर्टरवर दिवे, पंखे आणि राउटर चालतात, एसी नाही. काचेची रूम वीस मिनिटांत तापते. मी असं लिहिलंय: वीज किंवा नेट सलग २० मिनिटांहून जास्त गेलं तर जेवढा वेळ गेला तेवढ्या वेळाचे पैसे परत, अर्ध्या तासाच्या पटीत वर धरून. ४० मिनिटं गेली तर एक तासाचे. गिऱ्हाइकाने मागायची गरज नाही, माझी रिसेप्शनवरची मुलगी वेळ लिहून ठेवते आणि संध्याकाळी परतावा टाकते.

सुट्ट्या कॅलेंडरमध्ये वर्षाच्या सुरुवातीलाच टाका. पोळा, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, दिवाळी, यातल्या ज्या दिवशी तुम्ही बंद ठेवणार ते. एकदा १७ सप्टेंबर टाकायचा राहिला आणि त्या दिवशीची तीन बुकिंगं आली. तिन्ही मला माझ्याच नियमाने सोडवावी लागली.

सुरू करायच्या आधी

तुम्ही आणि घरातलं कोणी, दोन फोन घेऊन बसा. एकाच रूमला, एकाच वेळेला, एकाच क्षणी पैसे भरायचं बटण दाबा. एकालाच रूम मिळाली पाहिजे. मग पाच वाजता संपणाऱ्या बुकिंगला लागून पाचचं बुकिंग करा. पैसे भरायच्या पानावर अकरा मिनिटं थांबा आणि रूम पुन्हा रिकामी दिसते का बघा. एक बुकिंग पुढे न्या आणि रद्द करा, टक्का चिकटला का बघा. हे सगळं छोट्या रकमेने, खऱ्या यूपीआयने करा. चाचणीच्या बनावट पैशांनी परतावा किती दिवसांत येतो ते कळत नाही.

शेवटी बुकिंगचं पान अशा माणसाला दाखवा ज्याचा या धंद्याशी संबंध नाही. मी शेजारच्या मेडिकलवाल्या काकांना दाखवलं. त्यांना एकच विचारलं: "काका, निम्मे पैसे परत हवे असतील तर केव्हापर्यंत रद्द करायचं?" पहिल्या वेळी त्यांनी फोन जवळ धरला, वर-खाली सरकवलं आणि म्हणाले, "२४ तास लिहिलंय, पण कधीपासून?" त्या दिवशी मी ते वाक्य घड्याळाच्या वेळेत बदलून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवलं, तेव्हा त्यांनी फोनकडे बघून लगेच सांगितलं, "मंगळवारी सकाळी अकरा." त्या संध्याकाळी साइट सुरू केली.